मदत हवी आहे: रात्रीचे तातडीचे आणि साधे मेसेज वेगळे कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या दूध शीतकरण केंद्रात नऊ जणांची टीम आहे आणि सगळ्यांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप. रात्री साडेदहाला हजेरीचा तक्ता येतो, उद्याच्या टँकरची वेळ येते आणि त्याच ओघात ‘कूलरचं तापमान वाढतंय’ हेही येतं. दूध ४ अंशांवर राहायला हवं, कॉम्प्रेसर बंद पडला तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. पण सततच्या टिंगटिंगमुळे निम्म्यांनी ग्रुप म्यूट केलाय, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

माझ्या मनात असं आहे: संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर लिहिलेलं सगळं साधं, उत्तर सकाळीच. तातडीचं असेल तर मेसेज नाही, थेट फोन. तोही त्या आठवड्याची पाळी असलेल्यालाच. त्याने दहा मिनिटांत उचलला नाही तर पर्यवेक्षकांना. तातडीचं म्हणजे फक्त दूध, वीज किंवा माणसाला इजा.

अडतंय ते इथे: साहेब स्वतःच रात्री ‘अर्जंट’ लिहून अहवाल मागतात. त्यांना हा नियम कसा सांगावा? आणि पाळीच्या माणसाला मोबदला की बदली सुट्टी, तुमच्याकडे काय चालतं?