बाँड केला तरी कॉपी एकाच लिंकवर

> १-१ गिगाबिटच्या दोन लिंक बाँड केल्यात, तरी एक फाइल सेकंदाला ११० एमबीच्या वर का जात नाही?

एका संवादाची पाकिटं दोन वायरींत वाटली तर मागचं आधी पोचतं, टीसीपीला वाटतं मधलं हरवलं, आणि वेग उलट पडतो. म्हणून पत्त्यांचा हॅश काढून लिंक ठरते. पत्ते तेच, तर लिंकही तीच.

आमच्या सांगलीतल्या हळदीच्या गोदामात तर दुसरी वायर कोरडीच होती! सगळे पीसी राउटरपलीकडे, म्हणजे लिनक्स सर्व्हरला मॅक पत्ता एकच दिसायचा, राउटरचा, आणि हॅश `layer2` वर, म्हणजे मॅक पत्त्यांवरून. `layer3+4`, म्हणजे आयपी पत्ते आणि पोर्टवरून, केल्यावर दहाजणांचं काम दोन्हींत विभागलं. एकट्या फाइलचा वेग मात्र तेवढाच. सर्व्हरकडे येणारी वाट स्विच ठरवतो, तिथलं सेटिंग वेगळं बघा.