न्यायाधीश एकच, नियम तीन

> कायद्याचा अर्थ लावताना कुठला नियम लागेल हे न्यायाधीश कोण यावरच ठरतं ना?

तेवढ्यानेच नाही. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड पार्कर बघा. ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने खटक्याचा चाकू किंमत लावून काचेत मांडला. बंदी ‘विक्रीचा प्रस्ताव’ देण्यावर होती, आणि करार कायद्यात मांडणी म्हणजे प्रस्ताव नव्हे. शब्दशः अर्थ लावून १९६० मध्ये तो सुटला. पुढच्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला.

१९६० मध्येच लंडनच्या वेश्यांचा बचाव होता: आम्ही रस्त्यावर नव्हतो, खिडकीतून-बाल्कनीतून गिऱ्हाईक बोलावत होतो. इथे मात्र पार्करांनी मिस्चीफ रूल धरला, म्हणजे कायदा कुठला त्रास थांबवायला केला ते पाहून अर्थ लावला. रस्त्याने जाणाऱ्यांचा त्रास थांबवायलाच कायदा केला होता, म्हणून शिक्षा कायम!

१९६४ चा गोल्डन रूल, म्हणजे शब्दशः अर्थ हास्यास्पद ठरत असेल तर तो थोडा वळवायचा, तर गमतीचाच. हवाई तळाच्या ‘आसपास’ अडथळा आणल्याचा आरोप, आणि आरोपी म्हणतो, मी तर आतच होतो. पार्करांनी ‘आत किंवा आसपास’ असं वाचलं.