फ्युचर्समध्ये मार्जिन कॉल आला की भरायचे किती?

"बॅलन्स मेंटेनन्सच्या, म्हणजे खात्यात किमान ठेवायच्या रकमेच्या, खाली २०० गेला तर २००च भरायचे ना?" नाही राव, कॉल आला की बॅलन्स परत इनिशियल मार्जिनपर्यंत, म्हणजे सौदा घेताना भरलेल्या रकमेपर्यंत न्यायचा असतो. लातूरला क्लासच्या पोरांचे हमखास इथंच मार्क जातात. समजा ५०० ला फ्युचर लाँग, म्हणजे खरेदीच्या बाजूनं घेतला, लॉट १०० चा, इनिशियल ५०००, मेंटेनन्स ४०००. पहिल्या दिवशी सेटलमेंट ४९४, ६०० गेले, राहिले ४४००, कॉल नाही. दुसऱ्या दिवशी ४८८, आता फरक ४९४ पासून धरायचा, ५०० पासून नाही, म्हणजे अजून ६०० जाऊन ३८००. कॉल १२०० चा. तिसऱ्या दिवशी ४९५ झाला की ७०० जमा, बॅलन्स ५७००. ताळा बघा, भरले ६२००, उरले ५७००, तोटा ५००, आणि ५०० वजा ४९५ गुणिले १०० पण तेवढेच.

अजून एक, हे मेंटेनन्सवालं गणित पुस्तकातलं. आपल्या एनएसईच्या शेअर फ्युचर्सला रोजचा तोटा पूर्णच रोखीत दुसऱ्या दिवशी द्यावा लागतो, त्यामुळं नुसते शेअर प्लेज करून लाँग बसलात तरी खात्यात थोडी कॅश लागतेच.