अनुभव धागा : एकच जाहिरात, सुरुवाती वेगळ्या, शेवट वेगळे

रेवती_कराड

मी छोट्या व्यावसायिकांसाठी मोबाइलवर चालणाऱ्या उभ्या व्हिडिओ जाहिराती करते. सध्या हातात आहे कांदा-लसूण मसाल्याची अर्ध्या मिनिटाची जाहिरात. मसाला करणाऱ्या वहिनी डंकावर कुटून घेतात, मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी. त्यांना एकच व्हिडिओ हवा होता. मी म्हटलं, एका दिवसाच्या शूटिंगमध्ये सहा निघतील, मग लोकच सांगतील कुठला चालतो.

मधला भाग एकच ठेवला : मिरची निवडणं, भाजणं, कुटणं, पाकीट. सुरुवाती तीन. पहिलीत वहिनी थेट विचारतात, "पुण्यात आमटी गावासारखी होत नाही ना?" दुसरीत बोलणं नाहीच, लाल मिरचीवर पडणारा डंक अगदी जवळून आणि त्याचा आवाज. तिसरीत सुरुवातच किमतीने. शेवट दोन : एकात "व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या", दुसऱ्यात "आधी पाव किलो मागवून पाहा".

शूटिंगच्या वेळी सगळ्यात जास्त लक्ष सांध्यावर दिलं. मधला भाग कुठल्याही सुरुवातीला जोडता आला पाहिजे, म्हणून त्याचं पहिलं वाक्य "म्हणूनच" किंवा "हे" असं सुरू होऊ दिलं नाही. ते वाक्य आहे "मिरची आम्ही हाताने निवडतो". तिन्ही सुरुवाती त्याच साडीत, त्याच खिडकीच्या उजेडात, एका पाठोपाठ एक घेतल्या. प्रत्येकीच्या आधी आणि नंतर वहिनींना दोन सेकंद गप्प उभं राहायला सांगितलं. संगीत मात्र तुकडे जोडून झाल्यावर अख्ख्या व्हिडिओवर टाकलं. आधी टाकलं असतं तर सांध्यावर सूर तुटल्याचं कानाला लगेच कळलं असतं. फाइलींची नावं सुरुवात, मधला भाग, शेवट या क्रमाने `H1_B_E1`, `H1_B_E2` अशी, `H3_B_E2` पर्यंत.

आता प्रश्न पैशांचा. सहाही एकदम सोडायच्या, की टप्प्याटप्प्याने? तुम्ही काय केलंत, काय दिसलं, ते सविस्तर लिहा.

गुहागरकर

मी हापूसच्या पेट्या विकतो. गेल्या हंगामात फेसबुक-इन्स्टाग्रामवर तीन सुरुवातींचे व्हिडिओ एकाच ॲड सेटमध्ये, म्हणजे जाहिरातींच्या एकाच गटात टाकले. दुसऱ्याच दिवशी जवळजवळ सगळा खर्च एकावर जाऊ लागला, बाकी दोन जेमतेम दिसत होते. म्हणजे निकाल लागला. मेटाचं यंत्र स्वतःच ठरवतं कोण जिंकलं, आपण डोकं लावायचं कारण नाही. ताई, सहाही टाका आणि दोन दिवस थांबा.

मापाडी

गुहागरकर, तुम्हाला जे दिसलं ते खरं आहे. मात्र त्याला मी निकाल म्हणणार नाही. एका ॲड सेटमधल्या जाहिरातींना पैसे सारखे वाटले जात नाहीत. सुरुवातीच्या थोड्याशा प्रतिसादावरून यंत्र अंदाज बांधतं आणि तिकडे पैसे वळवतं. ज्या दोन व्हिडिओंना पैसे मिळालेच नाहीत, ते वाईट होते हे कशावरून? तुमचा हेतू फक्त पेट्या विकण्याचा असेल तर यंत्रावर सोडणं गैर नाही. पण पुढच्या हंगामात कोणती सुरुवात घ्यायची हे शिकायचं असेल, तर Ads Manager मधली A/B चाचणी लावा. तिथे लोकांचे गट वेगळे पडतात, एका माणसाला एकच रूप दिसतं, आणि खर्चही बरोबरीने होतो.

रेवती, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हिशेबातच आहे. समजा, एक रूप दहा हजार वेळा दाखवलं गेलं. त्यातल्या तीन हजार वेळा लोक पहिल्या तीन सेकंदांपुढे गेले. शेवटपर्यंत पोचले आठशे. त्यातल्या सोळा जणांनी मेसेज केला. सुरुवातीचा निवाडा तुला दहा हजारांवर करता येतो, शेवटाचा फक्त आठशेंवर. एका शेवटाला सोळा मेसेज आणि दुसऱ्याला एकवीस आले, तर तो फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून सहा रूपं एकदम सोडलीस की पैसे सहा ठिकाणी फुटतात आणि शेवटाबद्दल काहीच हाती लागत नाही.

मी असं करतो : आधी तिन्ही सुरुवाती, शेवट एकच. त्यातली जी उरेल तिच्यावर दोन्ही शेवट. दुसऱ्या फेरीला पहिलीपेक्षा जास्त पैसे ठेवतो. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

शिल्पा_डोंबिवली

माझे शिवणकामाचे क्लास आहेत. मीही दोन जाहिराती केल्या होत्या, एक निळी, एक गुलाबी. मजकूर वेगळा, फोटो वेगळा, एक सकाळच्या बॅचची, एक संध्याकाळच्या. गुलाबीला जास्त फोन आले. तर गुलाबी रंग बायकांना जास्त आवडतो असं समजायचं का? आणि दोन्ही जाहिराती एकाच बाईला दिसल्या तर ती गोंधळेल अशी मला भीती वाटते.

मापाडी

शिल्पाताई, फोन रंगामुळे आले की संध्याकाळच्या वेळेमुळे, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. नोकरी करणाऱ्या बायकांना संध्याकाळच सोयीची, माझा संशय तिकडे आहे. पुढच्या वेळी फोटो, रंग, मजकूर सगळं तेच ठेवा आणि फक्त बॅचची वेळ बदलून पाहा. गोंधळाचं म्हणाल तर वर लिहिलेल्या चाचणीत एका बाईला एकच जाहिरात दिसते.

जुना_कॉपीवाला

हे सगळं छापील जाहिरातीत आमच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. खाली कापून पाठवायचं कूपन असायचं आणि त्यावरच्या पत्त्यात "विभाग क", "विभाग ख" अशी खूण. आलेली पाकिटं विभागवार ढिगात टाकली की कुठल्या मथळ्याने माणूस लिहिता झाला ते कळायचं. एका ग्राहकासाठी मी पुणे आणि नाशिक आवृत्तींत वेगवेगळे मथळे दिले होते. पुण्याचा मथळा पुढे गेला.

रेवती, तुमच्या शेवटांनाही अशी खूण पाहिजे. नाहीतर ऑर्डर आली तरी ती कुठल्या शेवटाने आली हे वहिनींना कसं कळणार?

रेवती_कराड

काका, खुणेचं अगदी पटलं. व्हॉट्सॲपच्या दुव्यात आधीच लिहिलेला मजकूर ठेवता येतो. वहिनींचा नंबर घालून असे दोन दुवे करते :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=मसाला%20हवा%20आहे%20(क)
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=मसाला%20हवा%20आहे%20(ख)
```

वाक्य तेच, फक्त कंसातलं अक्षर वेगळं. वाक्यच वेगळं ठेवलं तर तो आणखी एक बदल होईल. काही जण मजकूर खोडून "भाव काय" एवढंच लिहितील, ते मेसेज मोजणीतून वगळायचे.

पुणे-नाशिकबद्दल मात्र एक शंका. पुण्याचा मथळा पुढे गेला की पुण्यातला वाचकच वेगळा होता?

जुना_कॉपीवाला

प्रश्न रास्त आहे. नंतर मथळे अदलाबदल करून छापायला हवे होते, पण ग्राहकाने पुन्हा पैसे घातले नाहीत. तो मथळाच चांगला होता असं मला आजही वाटतं, पण पुरावा नाही.

न्यूजर्सीची_मीनल

मी इकडे एका ऑनलाइन दुकानासाठी हेच काम करते. दोन गोष्टी सांगते.

एक, रोज सकाळी आकडे पाहून "हे पुढे आहे, थांबवा" असं करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडे खूप हलतात. दर वेळी डोकावलं आणि पुढे दिसेल त्याला विजेता म्हटलं, तर दोन्ही रूपं सारखी असतानाही विजेता सापडतो. किती दिवस आणि किती रुपये हे आधी कागदावर लिहा, तोवर निर्णय नाही. मी पूर्ण आठवडा धरते, कारण रविवारचा माणूस आणि मंगळवारचा माणूस सारखी खरेदी करत नाही.

दुसरी म्हणजे, एकदा तोच व्हिडिओ दोन वेगळ्या नावांनी चाचणीत टाकून पाहा. एक अक्षरही बदलायचं नाही. तरी आकड्यांत फरक येईलच, आणि तो किती येतो हे स्वतः पाहिलं की डोळे उघडतात. पुढे दोन वेगळ्या रूपांत तेवढाच फरक दिसला तर त्यावर काही ठरवायचं नाही. या प्रयोगाला पैसे घालायला मालक तयार होत नाहीत, पण एकदा केलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

काटछाट

मी संपादन करतो. शेवटाबद्दल एक पाहिलेलं प्रकरण लिहितो. दोन शेवटांची चाचणी लावली होती, सवलतीचा शेवट साफ पडला. ग्राहक म्हणाला, लोकांना सवलत नको. मी तो व्हिडिओ संगणकावर न पाहता एका साध्या फोनवर, रील म्हणून उघडला. सवलतीची ओळ बरोबर तिथे होती, जिथे खाली खात्याचं नाव, वर्णन आणि बटण येतं. ती कुणी वाचलीच नव्हती. ओळ वर सरकवून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दोन्ही शेवट जवळपास बरोबरीत आले.

तेव्हापासून प्रत्येक रूप सोडण्याआधी फोनवर, आवाज बंद करून एकदा पाहतो. रेवती, तुझी डंकाची सुरुवात आवाजावर उभी आहे. आवाज बंद असेल तर तिथे नुसती हलणारी मिरची उरते. "डंकावर कुटलेला" एवढे दोनच शब्द मोठ्या अक्षरांत टाक. आणि टाकणार असशील तर बाकी दोन्ही सुरुवातींवरही तेवढ्याच आकाराची अक्षरं हवीत, नाहीतर चाचणी अक्षरांची होईल.

रेवती_कराड

सुरुवातींची फेरी आठवडाभर चालवली. अक्षरं तिन्हींवर घातली होती, शेवट `E1`. तीन सेकंदांपुढे नेण्यात डंकाची सुरुवात स्पष्टपणे पुढे. मेसेज मात्र "गावासारखी आमटी"ला जास्त आले. किमतीची सुरुवात दोन्हींत मागे. पण त्या सुरुवातीने जे थोडे लोक मेसेजपर्यंत आले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी खरंच ऑर्डर दिली, कारण भाव त्यांना आधीच माहीत होता. बाकीच्यांशी वहिनींना भावावरच बोलत बसावं लागलं.

मग शेवटांची फेरी कुठल्या सुरुवातीवर लावू? सेकंदांवर जाऊ की मेसेजवर?

मापाडी

ऑर्डरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. डंक पाहायला कुणालाही आवडतो, मसाला न घेणाऱ्यालाही. मी "आमटी" घेऊन दोन्ही शेवट लावेन. किमतीच्या ऑर्डरी इतक्या थोड्या असतील की त्यांवर विसंबू नये.

न्यूजर्सीची_मीनल

मी इथे थोडी असहमत. "आधी पाव किलो मागवून पाहा" हा शेवट किमतीच्या सुरुवातीला जास्त शोभेल आणि "आमटी"ला कदाचित नाही. सुरुवात ठरवून मग शेवट ठरवला की अशी जोडी हातातून निसटते. पैसे असतील तर दोन सुरुवाती गुणिले दोन शेवट, अशी चार रूपं चालव.

मापाडी

जोडीचा मुद्दा बरोबर आहे. पण चार रूपांना पुरतील एवढे मेसेज वहिनींच्या बजेटात येतील का, हा माझा प्रश्न कायम आहे. रेवती, आठवड्याला साधारण किती मेसेज येतात ते लिही, मग सांगतो.

गुहागरकर

माझ्या मोहराला अजून वेळ आहे. तोवर तीन सुरुवाती A/B चाचणीत लावून पाहतो. एक विचारायचं होतं : गेल्या वर्षीच्या ज्या व्हिडिओवर भरपूर कमेंट जमल्या आहेत तोच एका बाजूला चालेल का, की तिन्ही नव्याने टाकू?

काटछाट

तिन्ही नव्याने टाका. जुन्या कमेंट पाहून लोक थांबतात, आणि तो फायदा बाकी दोघांना मिळणार नाही.