शब्दचर्चा: तिरक्या फोटोतली स्लाइड, भांगाची भरती आणि एक हरवलेली पायरी

भाट्येची पोर (रत्नागिरी):
किनाऱ्याच्या भूरूपांवरचं एक व्याख्यान होतं. मला पुढच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला जागा मिळाली, त्यामुळे फोन वर करून कडेनेच फोटो काढावा लागला. स्लाइड इंग्रजी आहे आणि ती मराठीत करून वर्गाच्या गटात टाकायची आहे. मुद्दे, उपमुद्दे, उप-उपमुद्दे अशी तीन पायऱ्यांची मांडणी दिसते. कुठला मुद्दा कोणाच्या पोटात ते चुकू नये म्हणून मी फोटोच्या डाव्या कडेपासून प्रत्येक ठिपक्याचं अंतर मोजलं. ज्यांचं अंतर सारखं आलं ते एकाच पायरीवर धरले. त्यातून हे तयार झालं:

भरती, वसंत भरती, नीप भरती, वाळूचा दांडा, लगून, किनारी बांधकामे, बंधारा (मूळ शब्द ग्रोइन), खालची झीज (मूळ डाऊनड्रिफ्ट इरोजन), लाटरोधक.

माझ्या मोजणीत ‘भरती’ आणि ‘ग्रोइन’ एका पायरीवर आले, आणि ‘किनारी बांधकामे’ हे मधेच लटकणारं शीर्षक झालं. त्याच्या पोटात काहीच नाही. शब्दही तपासून द्या, आणि ‘हायरार्की’ला काय म्हणायचं तेही सांगा.

अभियंता दापोली:
शब्दांचं नंतर बघू. फोटो तिरका असेल तर आधी तो फिरवून सरळ करा. कुठल्याही फोनमध्ये दोन बोटांचं काम आहे.

छापखानेवाले (चिपळूण):
फिरवून होणार नाही हो. कागद टेबलावर वाकडा ठेवला असता तर फिरवून भागलं असतं. इथे कॅमेराच कोनातून बघतोय. वरच्या ओळीचा उतार एक, खालच्या ओळीचा दुसरा. एक सरळ केलीत की दुसरी वाकडी होणार. जुने नकाशे आणि भिंतीवरच्या पाट्या छपाईला येतात तेव्हा हे आमचं रोजचं दुखणं असतं.

भाट्येच्या ताई, तुमची मोजणी बरोबर आहे, पण ती जिथून केलीत ती जागा चुकली. स्लाइडचे डावीकडचे दोन कोपरे फोटोत कितीव्या पिक्सेलवर आहेत ते सांगा. पडद्याची काळी पट्टी नको हं, उजेड पडलेल्या स्लाइडचे कोपरे हवेत. प्रोजेक्टर तिरका लावलेला असला तर पडदा चौकोनी दिसतो आणि स्लाइड मात्र त्यावर पतंगासारखी पडलेली असते.

भाट्येची पोर:
वरचा डावा 620, 310. खालचा डावा 410, 2420. ‘भरती’चा ठिपका 713 वर आहे, उंची 700. ‘ग्रोइन’चा 715 वर, उंची 1790. दोन पिक्सेलचाच फरक, म्हणून एक पायरी धरली.

छापखानेवाले:
आता बघा. स्लाइडची डावी कड वरून खाली येताना 2110 पिक्सेलमध्ये 210 ने डावीकडे सरकते. ‘भरती’पासून ‘ग्रोइन’पर्यंत 1090 पिक्सेल खाली आलात, म्हणजे समास तेवढ्यात साधारण 108 ने डावीकडे गेला. एका पायरीसाठी ओळ किती आत ढकलली आहे ते शेजारशेजारच्या ओळींवरून मोजा. माझ्या अंदाजाने तेही 110 च्या आसपास येईल. समासाच्या घसरणीने पायरी गिळली. स्लाइडच्या खालच्या अर्ध्या भागातलं सगळं तुमच्या हिशेबात एक पायरी वर चढलंय, म्हणून ‘किनारी बांधकामे’ बिचारं घराबाहेर पडलं. ‘ग्रोइन’ त्याच्या पोटातलं आहे.

भाट्येची पोर:
मोजलं. ‘किनारी बांधकामे’ 616 वर, लगेच खालचं ‘ग्रोइन’ 715 वर. मधल्या ओळीच्या उंचीमुळे थोडं इकडेतिकडे झालं असेल, पण पायरी आहेच. ‘डाऊनड्रिफ्ट’ 814 वर.

छापखानेवाले:
म्हणून हाताने करायचं तर लगतच्या ओळीशी तुलना करावी. दहा ओळी वरच्या मुद्द्याशी नको. अक्षरांच्या आकारावरही जाऊ नका. खालून फोन वर रोखून काढलेल्या फोटोत वरच्या ओळी बारीक होतात आणि खालच्या मोठ्या. खालचा उपमुद्दा वरच्या मुद्द्याएवढा ठसठशीत दिसतो. ठिपक्याच्या आकारावर जास्त विश्वास ठेवता येतो, कारण कोन कसाही असला तरी टिंबाची रेघ होत नाही. पण जुन्या साच्यांत पहिल्या पायरीला टिंब, दुसरीला रेघ आणि तिसरीला पुन्हा टिंब असायचं. तिथे टिंब दिसलं की पहिली की तिसरी हे ओळीच्या जागेवरूनच ठरतं.

संगणक असेल तर पायथनमध्ये ओपनसीव्ही वापरून, चारही कोपरे देऊन चित्र सपाट करा:

```
src = np.float32([tl, tr, br, bl])
dst = np.float32([[0,0],[1600,0],[1600,900],[0,900]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(img, M, (1600, 900))
```

दोन्ही यादींत कोपऱ्यांचा क्रम एकच हवा: वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, खालचा डावा. क्रम चुकला तर चित्र पिळलेलं किंवा आरशातल्यासारखं उलटं येतं, ते लगेच कळतं. मूळ स्लाइड 16:9 ची होती की 4:3 ची हे माहीत नसलं तरी फार घाबरू नका. अक्षरं जरा ताणलेली किंवा दाबलेली दिसतील, पण समास सरळ उभे राहतात आणि आपल्याला तेच हवंय. पडदा वाऱ्याने फुगलेला असेल तर मात्र चार कोपऱ्यांनी भागत नाही.

भाट्येची पोर:
झालं! आता ‘भरती’ 72 वर, ‘ग्रोइन’ 132 वर, ‘डाऊनड्रिफ्ट’ 192 वर. सगळे रांगेत उभे आहेत.

मास्तर मालवण:
चित्र सरळ झालं, आता शब्द. ‘वसंत भरती’ खोडा आधी. त्या ‘स्प्रिंग’चा ऋतूशी संबंध नाही, तिथे अर्थ उसळण्याचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची ती उधाणाची भरती, आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती. पाठ्यपुस्तकात हेच शब्द आहेत आणि किनाऱ्यावरही हेच. तुमच्या रत्नागिरीत कोळीवाड्यात कोणालाही विचारा.

अभियंता दापोली:
‘भांग’ लिहिलं तर मुलं हसतील. नीप ठेवलेलं बरं.

खाडीपलीकडचो:
हसांदेत. भांगाक पाण्याक जोर नसता, ह्यां आमच्या पोरांकय ठावक आसा. नीप म्हटल्यार कोणाक काय कळतला?

मास्तर मालवण:
‘भांगाची भरती’ असं पूर्ण लिहा, म्हणजे कोणी हसणार नाही. आणि ‘नीप’च्या ओळीतलं पहिलं अक्षर मूळ फोटोवर परत बघा. माझ्याकडे एका मुलाने अशाच फोटोवरून ‘हीप’ वाचून ‘भरतीचा ढीग’ असं भाषांतर आणलं होतं. व्याकरण उत्तम होतं त्याचं.

‘ग्रोइन’ला ‘बंधारा’ म्हणण्याला माझा विरोध आहे. आपल्याकडे ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ म्हणतात तो किनाऱ्याच्या कडेकडेने, किनाऱ्याला समांतर घातलेला दगडांचा बांध. ग्रोइन किनाऱ्यापासून समुद्रात आडवा जातो आणि कडेने वाहणारी वाळू अडवतो. ज्या बाजूने वाळू येते तिथे ती साठते, आणि पलीकडे वाळू पोचत नाही म्हणून तिथे झीज होते. ‘डाऊनड्रिफ्ट इरोजन’ म्हणजे ही पलीकडची झीज. तुमच्या ‘खालची झीज’वरून वाचणाऱ्याला वाटेल किनाऱ्याचा तळ झिजतोय. मी असं लिहीन: ‘वाळू जिकडे वाहते त्या अंगाची झीज’. लांब आहे, पण चुकीचं नाही. ‘ग्रोइन’ मात्र ग्रोइनच ठेवा.

छापखानेवाले:
आणि पायरी चुकली असती तर तोच घोळ आणखी वाढला असता ना? ‘झीज’ ग्रोइनच्या पोटातून निघून त्याच्या बरोबरीने बसली असती, तर ती बांधकामाचाच एक प्रकार वाटली असती.

मास्तर मालवण:
अगदी. ‘वाळूचा दांडा’ कुठल्या शब्दासाठी घेतलात? स्पिट की बार?

भाट्येची पोर:
दोन्हींसाठी. ओळी दोन होत्या, मी एकच केली.

मास्तर मालवण:
दोन ओळी दोनच ठेवा. स्पिट एका टोकाने जमिनीला धरून असतो. देवबागला जाऊन बघा, एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे ती चिंचोळी पट्टी. तिथे ‘दांडा’ शोभतो. बार खाडीच्या तोंडाशी पाण्याखालीही असू शकतो, होडीवाल्यांना तोच जास्त छळतो. त्याला दुसरा शब्द द्या, किंवा ‘बार’ ठेवा.

गुहागरची वहिनी:
मला फोटोचं काही कळत नाही, पण लगूनला पुस्तकात ‘खाजण’ म्हणतात ना? आमच्या सासऱ्यांच्या जमिनीला सगळे खाजण म्हणतात. तिथे तलाव-बिलाव काही नाही. भरतीचं खारं पाणी शिरतं, कडेने कांदळवन आहे, आणि बांध घालून पूर्वी भात करायचे. मग आमची जमीन लगून झाली का? विकताना भाव कमी होईल का त्याने?

मास्तर मालवण:
वहिनी, भावाचं मला विचारू नका. पण शब्दाचं तुमचं म्हणणं खरं आहे. पाठ्यपुस्तकातलं खाजण आणि गावातलं खाजण वेगवेगळं आहे. परीक्षेच्या पोरांना पुस्तकातलं द्यावं लागेल.

खाडीपलीकडचो:
माका नाय पटणा. खाजण म्हणजे खाजण. पुस्तकवाल्यांनी दुसरो शब्द शोधूक होयो होतो.

भाट्येची पोर:
मी ‘लगून’ ठेवते आणि पुढे स्वल्पविराम देऊन ‘पाठ्यपुस्तकात खाजण’ असं लिहिते. आणि हायरार्की?

अभियंता दापोली:
पदानुक्रम.

गुहागरची वहिनी:
उतरंड. मडक्यांची असते तशी, मोठं खाली आणि लहान वर.

छापखानेवाले:
इथे मोठा मुद्दा वर असतो वहिनी, उतरंड उलटी होईल. शिवाय तो शब्द आता जातीच्या संदर्भातच जास्त ऐकू येतो. मी आपला ‘पायऱ्या’ म्हणतो, गिऱ्हाइकाला कळतं.

भाट्येची पोर:
एक राहिलं. ‘स्प्रिंग’च्या ओळीच्या अगदी उजव्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक मीटरमध्ये दिलाय. सपाट केलेल्या चित्रात तो 25 दिसतो, मधे दशांशचिन्ह असेल-नसेल असा एक डाग आहे. 25 मीटर तर शक्य नाही. 2.5 लिहू?

अभियंता दापोली:
लिहा. मुंबईहून दक्षिणेकडे येताना हा फरक कमी होत जातो, रत्नागिरीला 2.5 शोभतो.

छापखानेवाले:
शोभतो हे खरं. पण ती दूरची कड आहे. फोटोतच तिथे अक्षरांना पिक्सेल थोडे मिळाले होते. सपाट करताना संगणकाने ते ताणून रुंद केले, नवीन काही आणलं नाही. तो डाग मूळ फोटोत मोठा करून बघा. तिथे स्वतंत्र ठिपका नसेल तर सपाट चित्रातल्या डागाला अर्थ नाही. आणि 2.5 च कशावरून? स्लाइड रत्नागिरीची आहे असं कुठे लिहिलंय? 2-5 असू शकेल, दोन ते पाच.

भाट्येची पोर:
मूळ फोटोत ठिपका नाही, राखाडी धूसर पट्टा आहे. शीर्षकात फक्त ‘कोंकण किनारा’ आहे.

मास्तर मालवण:
मग 2-5 ची शंका जास्त रास्त. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी पाचच्या आसपास चढतं, पण ती पाण्याची उंची झाली. स्लाइडवर फरक लिहिलाय की उंची, ते शब्द परत वाचा.

भाट्येची पोर:
‘रेंज’ लिहिलंय. मी तिथे ‘आकडा अस्पष्ट’ लिहून ठेवलंय. सरांना मेल केलाय, मूळ स्लाइड मागितली.

अभियंता दापोली:
मी अजूनही म्हणतो, 2.5.