'अंधार अभिक्रिया' मधला अंधार नेमका कुठला?

सायली_नाशिकरोड
घरीच अकरावीचा छोटा क्लास घेते, काल चाचणीचे पेपर तपासत बसले होते. प्रश्न होता की प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे वेगळे करा आणि प्रत्येकात आत काय जातं, बाहेर काय येतं ते लिहा. नऊ जणांपैकी पाच जणांनी लिहिलंय "अंधार अभिक्रिया रात्री होते". एका मुलीने तर फार मनापासून लिहिलंय, की झाड दिवसा ऑक्सिजन बनवतं आणि रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. मार्क कापायला पेन उचललं आणि थांबले, कारण शब्द वाचून कुणालाही हेच वाटेल ना? इथे भाषेची जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते, या शब्दाचा मराठीत नीट अर्थ काय लावायचा आणि दुसरा चांगला शब्द आहे का?

भाषा_पंचवटी
मुलांची चूक नाहीच म्हणेन मी. आपल्याकडे 'उन्हाळी कांदा' म्हटलं की उन्हाळ्यात निघणारा कांदा, अंधारकोठडी म्हणजे जिथे अंधार आहे ती कोठडी. पुढे लावलेला शब्द वेळ सांगतो नाहीतर जागा सांगतो. त्यामुळे 'अंधार अभिक्रिया' म्हणजे अंधारात होणारी, हाच अर्थ कानाला येतो. त्यापेक्षा 'अप्रकाशी' बरा, निदान रात्र तरी डोळ्यासमोर येत नाही. पण 'अ' लावला की 'नसणं' येतंच, म्हणजे प्रकाश नसताना होणारी असं कुणी वाचलं तर त्यालाही चूक म्हणता येणार नाही.

बारावी_इंदिरानगर
मॅम हे सोपं आहे. लाइट रिअॅक्शनमध्ये पाणी आणि प्रकाश आत जातो, ऑक्सिजन आणि एनर्जी वाहून नेणारे रेणू एटीपी, एनएडीपीएच बाहेर. डार्क रिअॅक्शनमध्ये कार्बन डायऑक्साइड, एटीपी, एनएडीपीएच आत आणि ग्लुकोज बाहेर. डार्कला लाइट लागतच नाही म्हणून ती दिवसापण चालते आणि रात्रीपण चालते. आम्हाला क्लासमध्ये असंच सांगितलंय, २४ तास चालू.

देवराई
बाळा, यादी जवळजवळ बरोबर आहे, पण २४ तास नाही. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, या एका शब्दाने किती वर्षं डोकं खाल्लंय ते सांगत नाही, थेट मुद्द्यावर येतो.

तू म्हणालास तसं एटीपी आणि एनएडीपीएच पहिल्या टप्प्यातून बाहेर येतात आणि दुसऱ्यात आत जातात. आता रात्र झाली, पहिला टप्पा बंद पडला, मग दुसऱ्याला हा माल कोण देणार? पानात त्याचा साठा नसतोच म्हटलं तरी चालेल, काही सेकंदांत संपण्याइतकाच असतो. हे नुसतं तर्काने नाही, करून पाहिलेलं आहे. कॅल्व्हिन, बेन्सन, बॅशम या मंडळींनी कॅलिफोर्नियात एकपेशीय शैवाल घेतलं, त्याला किरणोत्सारी कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड दिला आणि ठरावीक सेकंदांनी ते शैवाल गरम अल्कोहोलात सोडून जागच्या जागी थांबवलं, मग कार्बन कुठल्या कुठल्या पदार्थात गेलाय ते बघितलं. कॅल्व्हिनला १९६१ चं नोबेल याच कामासाठी. त्यात त्यांनी मधेच दिवा बंद करूनही पाहिलं. दिवा जाताच तीन कार्बनचं आम्ल, फॉस्फोग्लिसरिक आम्ल, ते साचायला लागलं, आणि पाच कार्बनचा जो पदार्थ कार्बन डायऑक्साइडला धरतो तो घटत गेला. म्हणजे कार्बन पकडायचं काम थोडा वेळ चाललं, पण पकडलेल्या आम्लाची साखर करायला एटीपी, एनएडीपीएच नाही म्हणून माल तिथेच अडकला, आणि पकडणारा पदार्थ पुन्हा तयार होईना. थोड्या वेळात सगळंच ठप्प.

द्राक्षबाग_पिंपळगाव
राम राम मंडळी. माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण याच विषयातला वाटतो. मण्यात पाणी उतरलं की गोडी भरायला लागते, आमचे वडील म्हणायचे रात्री मणी भरतो, दिवसा पान कमावतं. मग ही अंधार अभिक्रिया म्हणजे तेच ना, रात्री साखर होते ती? तसं असेल तर रात्री बागेला पाणी द्यावं का म्हणजे साखर वाढेल? रात्रीची लाइट आली की मोटर तर चालूच असते आमची.

देवराई
दादा, वडिलांचं अर्धं अगदी खरं आहे, फक्त ती साखर होणं नाही, वाहणं आहे. दिवसा पानात जितकी साखर होते तितकी सगळी लगेच बाहेर जात नाही, काही भाग स्टार्च म्हणून पानातच ठेवला जातो. रात्री तो स्टार्च मोडून पुन्हा साखर होते आणि घडाकडे, मुळाकडे, जिथे गरज तिथे जाते. म्हणून रात्रीही मण्यात साखर येते, पण ती दिवसाचीच कमाई. अंधार अभिक्रियेशी त्याचा संबंध नाही. आणि पाणी रात्री दिलं म्हणून रात्री नवी साखर होणार नाही. पाणी कधी द्यायचं ते जमीन आणि घडाची अवस्था बघूनच ठरवा.

सायली_नाशिकरोड
सर, पाणी कुठल्या टप्प्यात जातं यावरही गोंधळ आहे. दोघांनी पाणी दुसऱ्या टप्प्यात टाकलंय, आणि ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो असं लिहिलंय. म्हणजे कार्बन ठेवला, ऑक्सिजन सोडला. ऐकायला पटतं हो!

देवराई
पटतंच, शास्त्रज्ञांनाही बराच काळ पटत होतं. १९४१ मध्ये रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे १८ वजनाचा, असलेलं पाणी शैवालाला दिलं तेव्हा बाहेर आलेला ऑक्सिजन पाण्यातला निघाला. त्याच्या आधी १९३७ मध्ये हिल यांनी पानातून हरितलवकं बाहेर काढून त्यांना लोहाचं क्षार दिलं, प्रकाश दिला, आणि कार्बन डायऑक्साइड नसतानाही ऑक्सिजन निघाला. दोन टप्पे वेगळे आहेत याचा याहून चांगला पुरावा मुलांना देता येणार नाही.

हिशेब एका उदाहरणावर करून दाखवा, म्हणजे यादी पाठ करावी लागत नाही. तीन कार्बन डायऑक्साइड घ्या. एकेकाला ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच लागतात, म्हणजे तीनांना ९ एटीपी आणि ६ एनएडीपीएच. आता ६ एनएडीपीएच बनवायला पहिल्या टप्प्यात पाण्याचे ६ रेणू फुटतात, त्यातून ऑक्सिजनचे ३ रेणू. तीन कार्बन डायऑक्साइड आत, तीन ऑक्सिजन बाहेर, जुळलं. आणि ९ एटीपी, ६ एनएडीपीएच वापरून झाले की ते रिकामे, म्हणजे एडीपी, फॉस्फेट आणि एनएडीपी होऊन परत पहिल्या टप्प्याकडे जातात भरून यायला. मुलं हे परत जाणं लिहायलाच विसरतात. दुसऱ्या टप्प्यातून नुसती साखर येत नाही, रिकामी भांडीही परत येतात. त्यांच्यावाचून पहिला टप्पाही अडतो.

बारावी_इंदिरानगर
सर मग शेवटी ग्लुकोज नाही का? पेपरात तर ग्लुकोज लिहितात.

देवराई
थेट बाहेर पडते ती तीन कार्बनची साखर. तीन कार्बन डायऑक्साइड पकडले की अशा सहा तयार होतात, त्यातल्या पाच पुन्हा ते पाच कार्बनवाले पदार्थ बनवायला लागतात, निव्वळ कमाई एक. ग्लुकोज, सुक्रोज, स्टार्च सगळं तिच्यापासून पुढे. पेपरात ग्लुकोज लिहिलंस तर कुणी मार्क कापणार नाही, पण मनात तीन कार्बनची ठेव.

द्राक्षबाग_पिंपळगाव
सर, एक सुचलं बघा. आमच्याकडे कोरडवाहू जमीन म्हणतात, तिचा अर्थ तिला पाणी लागत नाही असा कुठे होतो? पाणी लागतंच, फक्त पाटाचं, विहिरीचं नाही, पावसाने जे मुरलंय त्यावर चालतं. तसंच हे नाही का, सूर्याचा प्रकाश थेट नाही, पण त्याने केलेल्या मालावर चालतं.

भाषा_पंचवटी
वा दादा! हा खरा मराठी अर्थ. कोरडवाहू शब्दातही 'कोरडं' आहे, पण ऐकणाऱ्याला माहीत असतं की कोरडं म्हणजे सिंचन नाही, पाणीच नाही असं नाही. म्हणजे शब्द वाईट नाही, त्याच्याभोवतीची समज नाही. मी तर 'प्रकाश-निरपेक्ष' सुचवणार होतो, पण निरपेक्ष म्हटलं की काही अपेक्षाच नाही, हे तर अजून चुकीचं झालं.

देवराई
दादांची उपमा मी वापरणार हो, पण थोडी लंगडी आहे. मुरलेलं पाणी आठ दिवस पुरतं, इथे काही सेकंद. आणि दुसरं म्हणजे प्रकाश इथे फक्त माल देत नाही, यंत्राचं बटणही दाबतो. उजेडात हरितलवकाच्या आतल्या द्रवाची आम्लता कमी होते, पीएच सुमारे ७ वरून ८ कडे जातो, मॅग्नेशियम वाढतं, आणि कार्बन पकडणारी रुबिस्कोसह काही विकरं तेव्हाच नीट कामाला लागतात. अंधार झाला की ती मंदावतात. म्हणजे एटीपी, एनएडीपीएच कुणी बाहेरून ओतले तरी रात्री पान नीट काम करणार नाही. नाव 'अंधार' आणि अंधारातच बंद, असं हे प्रकरण आहे.

सायली_नाशिकरोड
पण सर, ड्रॅगन फ्रूटचं काय? आमच्या शेजारच्यांनी गच्चीवर लावलंय आणि ते ठामपणे सांगतात की ते रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं. मग माझी ती मुलगी त्या झाडापुरती बरोबर नाही का?

देवराई
घेतं, हो. निवडुंग, अननस, पानफुटी सगळी तशीच. दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्ल करून साठवतात. साखर मात्र दिवसाच, ते आम्ल मोडून, उजेडातला माल वापरून. पानफुटी आवारात असेल तर पहाटे सहाला पानाचा एक तुकडा जिभेवर टेकवा, आंबट लागतो, संध्याकाळच्या पानाला तो आंबटपणा नसतो. भारतात राहिलेल्या हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास हेच चाखून लिहून ठेवलंय. तेव्हा तुमची मुलगी 'घेणं' यापुरती बरोबर, 'बनवणं' यात नाही. अर्धा मार्क द्या.

भाषा_पंचवटी
मग शब्द काय ठेवायचा ते सांगा. माझं मत आता 'कार्बन-बांधणी' कडे झुकतंय, टप्प्याला त्याच्या कामाचं नाव, वेळेचं नाही.

देवराई
पहिल्या टप्प्याला मग काय म्हणाल, 'पाणी-फोडणी'? फोडणी म्हटलं की मुलं मोहरी शोधतील. 'स्थिरीकरण' जुना शब्द आहे, पण तोही जड. माझं यावर ठरलेलं नाही.

सायली_नाशिकरोड
बोर्डाच्या पेपरात अंधारच येणार आहे, त्यामुळे शब्द मी बदलू शकत नाही. पाचही जणांना अर्धा मार्क दिला, आणि सोमवारी पानफुटीची दोन पानं आणायला सांगितलीत, एक पहाटेचं, एक आदल्या संध्याकाळचं. पण संध्याकाळी तोडलेलं पान रात्रभर तसंच आंबट होत बसेल का, की तोडलं की थांबतं?

द्राक्षबाग_पिंपळगाव
मॅडम, मुलांना सोमवारी संध्याकाळी आपापल्या झाडाशीच उभं करा की, तोडायची भानगडच नको.