व्हिडिओ ‘पाहिला’ म्हणतं, पण पाहतं का?

डोंबिवलीकर बाबा
मुलगा १५ वर्षांचा, मध्यमगती टाकतो. नेटमधली १४ सेकंदांची क्लिप एका एआय टूलवर चढवली आणि विचारलं, पुढचा पाय क्रीजच्या पुढे जातोय का? उत्तर आलं, ‘पाय क्रीजच्या चार-पाच इंच मागे टेकतोय, नो बॉल नाही.’ शनिवारी सामन्यात अंपायरने तीन नो बॉल दिले. ही टूल्स व्हिडिओ खरंच बघतात, की नुसतं बोलणं वाचून ठोकून देतात?

रोखठोक नाशिककर
बघत वगैरे काही नाहीत हो. आवाजाचं लिखाण करायचं, ते वाचायचं आणि ऐटीत ‘व्हिडिओत दिसतं की’ असं म्हणायचं. मी एका तासाभराच्या व्याख्यानाची लिंक दिली होती. फळ्यावर काढलेली आकृती कशी होती विचारलं, तर वक्ता तोंडाने जे बोलला तेवढंच परत आलं. आकृतीतले बाण कुठून कुठे, याचा पत्ता नाही. परीक्षेला न बसता पेपर सोडवणारी जात आहे ही.

आजीचा कुकर
रोखठोक, माझ्या व्हिडिओत मी एक अक्षर बोलत नाही. भरली वांगी केली, मागे फक्त स्वयंपाकघरातले आवाज. फाइल चढवली तर त्याने वांग्याला चार चिरा दिल्याचं सांगितलं, मसाला वांग्यात दाबून भरल्याचं सांगितलं, आणि वर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या म्हणून सांगितलं. झाल्या चार होत्या, ते सोडा. पण बोललेच नाही तर त्याने वाचलं काय? शिट्टी कुठल्या सबटायटलमध्ये येते?

कट टू कट
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. लिंक देणं आणि फाइल चढवणं यांत बऱ्याच टूल्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. लिंक दिली की काही टूल्स खरोखर फक्त सबटायटल उचलतात, त्यामुळे नाशिककरांचा अनुभव खोटा नाही. पण फाइल घेणारी जी मॉडेल्स आहेत ती चित्रंही घेतात आणि काही जण आवाज लिखाण न करता थेट आवाज म्हणूनच घेतात. शिट्टी त्यामुळे ऐकू आली.

खरी मेख चित्रांच्या संख्येत आहे. गूगलच्या जेमिनीचीच कागदपत्रं बघा. व्हिडिओतून सेकंदाला एक फ्रेम उचलली जाते, हा त्यांचा ठरलेला वेग, आणि झपाट्याने घडणाऱ्या दृश्यांत यामुळे बारकावे निसटू शकतात हेही तिथेच लिहिलंय. अलीबाबाच्या क्वेन२-व्हीएल या मॉडेलने २०२४ साली सेकंदाला दोन फ्रेम घेतल्या. हा कंजूषपणा खर्चामुळे. तासाभराच्या व्हिडिओत सेकंदाला ३० प्रमाणे १,०८,००० चित्रं होतात, सेकंदाला एक घेतलं तर ३,६००.

आता बाबांची क्लिप घ्या. फोनने सेकंदाला ३० फ्रेम टिपल्या असतील तर १४ सेकंदांत ४२०. त्यांतल्या साधारण १४ टूलपुढे गेल्या. बोलरचा पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग जातो, म्हणजे फोनच्या जेमतेम तीन फ्रेम. सेकंदाला एकच उचलायची असेल तर त्या तिघींपैकी एखादी हाती लागण्याची शक्यता दहात एक. बाबा, कुठलं टूल होतं ते मला माहीत नाही, पण त्याला साधारण काय दिसलं असेल ते स्वतः बघा. संगणकावर ffmpeg हा व्हिडिओवर काम करणारा प्रोग्राम टाका आणि हे चालवा:

```
ffmpeg -i bowling.mp4 -vf fps=1 photo_%02d.jpg
```

फोल्डरमध्ये चौदाएक फोटो पडतील. नेमक्या त्याच फ्रेम टूलने घेतल्या असं नाही, पण अंदाज येईल. त्या फोटोंवरून तुम्हाला नो बॉल सांगता येतो का?

सरळ बॅट
मला हे ‘खरंच पाहणं’ प्रकरणच पटत नाही. सिनेमा म्हणजे सेकंदाला २४ फोटोच की. डोळाही सतत पाहत नाही, इकडून तिकडे उड्या मारतो आणि मधलं मेंदू भरून काढतो. आणि अंपायरचं कौतुक कशाला? पाय बघायचा आणि लगेच मान वर करून १८ मीटर पलीकडे एलबीडब्ल्यू बघायची, हे माणसाला जमत नव्हतं म्हणूनच २०२० च्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकात पुढच्या पायाचा नो बॉल तिसऱ्या अंपायरकडे दिला. मग एआयने थोडं गाळलं तर ते ‘पाहत नाही’, आणि अंपायरने गाळलं तर तो माणूस?

कट टू कट
तिसऱ्या अंपायरचं उदाहरण तुम्ही स्वतःच्या विरोधात दिलंत. त्याच्याकडे पाय टेकण्याच्या क्षणाची फ्रेम असते. नसेल तर तो अंदाजाने पाच इंच सांगत नाही.

मी १५ वर्षं एडिटिंग टेबलावर बसतो. २४ फ्रेममध्ये एक हात वर जाताना पहिली फ्रेम दुसरीला चिकटलेली असते, म्हणून हालचाल दिसते. सेकंदाला एक घेतली की हात खाली, हात वर, एवढंच उरतं. कसा गेला, थांबला का, झटका दिला का, सगळं मधल्या पोकळीत. छतावरचा पंखा सुलटा फिरतोय की उलटा, हे अशा फोटोंवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सरळ बॅट
पंख्याचं मान्य. पण मग प्रश्न वेगाचा झाला, पाहण्याचा नाही. उद्या सेकंदाला ३० घेतल्या तर तुम्ही ‘पाहतं’ म्हणाल का?

कट टू कट
बाबांच्या प्रश्नापुरतं म्हणेन. तुमच्या मोठ्या प्रश्नाचं मला नक्की सांगता येत नाही. क्वेनसारखी मॉडेल्स दोन फ्रेम एकत्र बांधून वाचतात, म्हणजे हालचालीचं काहीतरी आत पोचतं. ते ‘पाहणं’ की नाही यावर रात्र काढू शकतो, पण सकाळी मला सहाची लोकल आहे.

वानखेडे पूर्व स्टँड
एवढी चर्चा कशाला? डीआरएसमध्ये चेंडूचा मार्ग दाखवतात तोही संगणकच ना? तो तर मिलिमीटरमध्ये सांगतो. मग बाबांच्या टूलला काय धाड भरली?

कट टू कट
तिथे मैदानाभोवती अनेक कॅमेरे असतात, सेकंदाला शेकडो फ्रेम घेणारे, जागा मोजूनमापून बसवलेले, आणि ती यंत्रणा फक्त चेंडू शोधते. ‘मुलगा छान पळतो’ असं ती म्हणत नाही. नाव एकच पडलं म्हणून दोघं भाऊ नव्हेत.

खुणांची भाषा
माझा अनुभव क्रिकेटचा नाही, पण सांगते. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. एका मुलीने खुणांत सांगितलेल्या गोष्टीचा व्हिडिओ मी चढवला आणि अर्थ विचारला. एक खूण व्हायला सेकंदसुद्धा लागत नाही, आणि हात कुठून कुठे गेला यावरच अर्थ बदलतो. त्याने छान परिच्छेद लिहून दिला, मुलगी आईबरोबर बाजारात गेली वगैरे. गोष्ट कुत्र्याच्या पिल्लाची होती. आवाज नाही, लिखाण नाही आणि खुणा मधल्या मध्ये गळलेल्या. ‘कळलं नाही’ एवढं म्हटलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

डोंबिवलीकर बाबा
कट टू कट, तुमची कमांड चालवली. १४ फोटो आले. पहिल्या तिघांत पोरगा नुसता उभा आहे, मग धाव. आठव्या फोटोत तो हवेत, पुढचा पाय जमिनीपासून चांगला वीतभर वर. नवव्यात चेंडू गेलाय, पोरगा वाकून पुढे निघालाय. पाय टेकलेला एकही फोटो नाही! मग चार-पाच इंच आले कुठून?

आणि एक सांगायला लाज वाटते. क्लिप आवाज मोठा करून परत ऐकली. मागून कोच ओरडतात, ‘पाय मागे आहे, शाब्बास!’

रोखठोक नाशिककर
घ्या! मी काय म्हणत होतो? ऐकून ठोकलं!

कट टू कट
घाई नको, आधी तपासू. आवाज काढून तीच क्लिप चढवा, नव्या संभाषणात, नाहीतर जुनं उत्तरच घोळवेल. प्रश्नही तोच, शब्दाला शब्द:

```
ffmpeg -i bowling.mp4 -an -c:v copy muki.mp4
```

डोंबिवलीकर बाबा
केलं. आता म्हणतं, ‘पाय रेषेवर टेकलेला दिसतो, टाच आत असावी.’ इंच गायब, ‘असावी’ आलं.

रोखठोक नाशिककर
मी जिंकलो. चहा कोण पाजणार?

कट टू कट
अर्धा कप. आवाज गेल्यावर उत्तर बदललं म्हणजे कोचचं वाक्य त्यात होतं, असा संशय पक्का होतो. पण एकदाच करून खात्री नाही, तोच प्रश्न दोनदा विचारला तरी उत्तर थोडं बदलतं. तीन-चारदा दोन्ही करून बघा. आणि मुक्या क्लिपवरही ‘दिसतो’ म्हणालंच ना? तिथे वाचायला काही नव्हतं. हवेतला पाय आणि नंतरचा वाकलेला मुलगा यांच्यामध्ये त्याने स्वतः पाय टेकवला. नो बॉलवर लिहिलेलं जगात ढीगभर आहे, त्यातून गुळगुळीत वाक्य जमतं.

उपाय सोपा आहे. टूल सेकंदाला एक घेत असेल तर तुम्ही सेकंदच लांब करा. चेंडू सुटतो तेवढे तीन सेकंद कापा आणि दहापट संथ करा:

```
ffmpeg -ss 6 -t 3 -i bowling.mp4 -vf "setpts=10*PTS" -an santh.mp4
```

३० सेकंदांची फाइल होईल, म्हणजे खऱ्या एका सेकंदाच्या दहा फ्रेम त्याच्यापुढे जातील. पाय टेकल्याची एखादी त्यात पडायला हवी. आणि उत्तराबरोबर वेळ मागा, कितव्या सेकंदाला टेकला ते. ती वेळ तुम्ही थांबवून बघू शकता. वेळ न देता ‘स्पष्ट दिसतंय’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

सरळ बॅट
म्हणजे नीट दाखवलं तर पाहतं! हेच मी कालपासून म्हणतोय.

आजीचा कुकर
माझी चौथी शिट्टी मग का चुकली? आवाज तर तो थेट ऐकतो म्हणालात.

कट टू कट
ताई, ते खरंच नाही सांगता येत. मोजणीत ही टूल्स कच्ची पडतात, एवढं बघितलंय. चौथी लांबून, अर्धवट आली होती का?

आजीचा कुकर
गॅस बंद करतानाच फुसकन आली होती. पण मी तिला शिट्टीच धरते.

डोंबिवलीकर बाबा
संथ फाइल दिली. म्हणालं, ‘०:१४ ला पाय टेकतो, टाच पॉपिंग क्रीजच्या पुढे आहे.’ थांबवून बघितलं, ०:१४ ला पाय खरंच टेकलाय. टाच पुढे आहे की नाही यावर मात्र घरात दोन पक्ष पडले. मी बोलरच्या मागून तिरका उभा राहून शूट केलंय, रेषा बुटाखाली जाते. पोरगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हालाच दिसत नाहीये, त्याला काय दिसणार?’

शिवाय एका पालकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तुमचा मुलगा फेकतो. मी टूलला कोपराचंही विचारणार होतो.

कट टू कट
कोपराच्या नादी लागू नका. चेंडू टाकताना कोपर किती सरळ होऊ द्यायचं याची आयसीसीची मर्यादा १५ अंशांची आहे आणि ती तपासायला चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेसारख्या ठिकाणी अंगावर खुणा चिकटवून बरेच वेगवान कॅमेरे लावतात. एका फोनवरून तो कोन मीही सांगणार नाही, फ्रेम कितीही असोत. पायाचं मात्र होईल. फोन क्रीजच्या रेषेत, बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर. २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा आणि फक्त पाय आणि रेषा चौकटीत घ्या, पूर्ण मुलगा नको. चित्र आत जाताना लहान होतं, मग चुन्याची रेषा चार ठिपक्यांची उरते.

डोंबिवलीकर बाबा
रविवारी सकाळी नेट आहे. कोचना आधीच सांगून ठेवतो, रेकॉर्डिंग चालू असताना ओरडायचं नाही.